‘कधी जमेल?’ असं विचारूच नका

आमच्या पिढीला मेल लिहिता येत नाही, असं कुणी म्हटलं की मला राग यायचा. मास कम्युनिकेशनची डिग्री, तीन वर्षं असाइनमेंट, प्रेस नोट, कव्हर लेटर... आणि मेल येत नाही? २०२५ च्या मार्चमध्ये मी एक मेल पाठवला आणि तो राग गिळला.

मी पवनानगरची. आमच्याकडचे जुने लोक अजून काळे कॉलनीच म्हणतात. धरणाच्या काठावर टेंट टाकून पार्टी करायला येणाऱ्यांना हे गाव माहीत असतं, पण त्या पाण्याखाली काय आहे ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी ज्या जमिनीवर साठतं, तिथे घरं होती, शेतं होती, देवळं होती. त्यातलं एक देऊळ अजून उभं आहे. वाघेश्वराचं हे जुनं दगडी मंदिर वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं. उन्हाळ्यात धरण उतरलं की ते बाहेर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं.

शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही ठरवलं होतं, की हे मंदिर उघडं असताना तिथेच एक सकाळ घालवायची. धरण भरलं तेव्हा ऐन तरुण असलेले आमच्या शेजारचे एक आजोबा तिथे उभे राहून गाव कुठे होतं ते दाखवणार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका धरणाची बाजू सांगणार आणि हे सगळं आम्ही रेकॉर्ड करणार. एकूण अकरा जणांना बोलवायचं होतं. आजोबा, काका, आमचे फोटोग्राफीचे सर, इतिहासाच्या मॅडम, शाळेचे मुख्याध्यापक, गावचे एक पदाधिकारी, दोन पत्रकार आणि धरणग्रस्त कुटुंबांतले आणखी तिघे. आजोबांकडे मेल नाही. उरलेल्या दहा जणांना सोमवारी, २४ मार्चला मी मेल पाठवला. त्याचा शेवट असा होता :

‘आपण सर्वजण व्यग्र असता याची कल्पना आहे. तरी एप्रिल-मे महिन्यात आपल्याला कधी जमेल ते आपल्या सवडीनुसार कृपया कळवावे.’

वाचायला किती नम्र, नाही? दोन आठवड्यांत दहापैकी चार उत्तरं आली. काका म्हणाले, ‘एप्रिलमध्ये कधीही.’ मॅडम म्हणाल्या, ‘पेपर तपासणी संपल्यावर बघू.’ पदाधिकाऱ्यांनी ‘कळवतो’ लिहिलं. फोटोग्राफीच्या सरांनी उलट मलाच विचारलं, ‘किती वाजता?’

चार उत्तरं आली, पण तारीख एकही नाही! मला आधी वाटलं, लोकांना या विषयात रसच नाही. मग एका पत्रकार ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अगं, मेल वाचला मी. डायरी बघून सांगू म्हटलं आणि राहून गेलं.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना प्रश्न विचारलाच नव्हता, गृहपाठ दिला होता.

सवडीचा भार कुणावर?

‘तुम्हाला कधी जमेल?’ याचं उत्तर द्यायला समोरच्या माणसाला काय काय करावं लागतं बघा. दोन महिन्यांचं कॅलेंडर उघडायचं. मोकळे दिवस शोधायचे. त्यातले कुठले सांगायचे आणि कुठले स्वतःसाठी राखायचे ते ठरवायचं. घरी विचारायचं. सगळे मोकळे दिवस सांगितले तर आपण रिकामटेकडे वाटू का, आणि एकच सांगितला तर भाव खातोय असं वाटेल का, हेही मनात येतं. आणि एवढं करून सांगितलेली तारीख बाकीच्या नऊ जणांना जमणार नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून तेच. म्हणून शहाणा माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो. हा आळस नाही, साधा हिशोब आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘आपल्या सवडीनुसार’ हे शब्द नम्र दिसतात, पण आपलं काम ते पाहुण्याच्या गळ्यात घालतात. खरा आदर दाखवायचा असेल तर शोधाशोध आपण करायची आणि समोरच्याकडे फक्त निवड ठेवायची. घरी आलेल्या पाहुण्याला आपण ‘काय काय खाता ते लिहून द्या’ म्हणत नाही. ‘पोहे करू की उपमा?’ असं विचारतो.

दुसरा मेल मी मंगळवारी, १५ एप्रिलला पाठवला. तो जसाच्या तसा देते, कारण या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं : ‘वाघेश्वर भेट : चारपैकी वेळ निवडा, गुरुवार रात्री ८ पर्यंत’. आणि आत :

‘नमस्कार. पवना धरणाच्या पात्रात उघड्या पडलेल्या वाघेश्वर मंदिराजवळ आपण भेटणार आहोत. कार्यक्रम तीन तासांचा आहे. पुढच्या चार वेळांपैकी ज्या ज्या जमतील त्यांची अक्षरं फक्त लिहून पाठवा. उदाहरणार्थ, “अ, ड”.

अ) शनिवार, २६ एप्रिल, सकाळी ७ ते १०
ब) रविवार, २७ एप्रिल, सकाळी ७ ते १०
क) रविवार, २७ एप्रिल, दुपारी ४ ते ७
ड) शनिवार, ३ मे, सकाळी ७ ते १०

एकही जमत नसेल तर “नाही” एवढंच लिहा, तेही चालेल. उत्तर गुरुवार, १७ एप्रिल, रात्री ८ पर्यंत हवं आहे. शुक्रवारी सकाळी ११ पर्यंत मी नक्की वेळ कळवेन, म्हणजे बाकीच्या वेळा तुम्हाला मोकळ्या करता येतील. कामशेत स्टेशनपासून गाडीची सोय आम्ही करू.’

संपला मेल. पहिल्या मेलमध्ये मी प्रोजेक्टची पार्श्वभूमी, उद्देश आणि आभार असे चार परिच्छेद लिहिले होते आणि खरा प्रश्न तळाशी होता. या वेळी ती माहिती मी वेगळ्या फाइलमध्ये जोडली.

मेल पाठवण्याआधी मी एक टेस्ट घेतली. तिला मी कान्हे-कामशेत टेस्ट म्हणते. लोणावळा लोकलमध्ये उभा असलेला माणूस एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर, कान्हे स्टेशन सुटल्यापासून कामशेत येईपर्यंत मेल वाचून उत्तर पाठवू शकतो का? ‘अ, ड’ पाठवू शकतो. ‘एप्रिल-मेमधल्या आपल्या सोयीच्या तारखा’ नाही पाठवू शकत.

चारच का?

मैत्रिणीने विचारलं, ‘चारच का? दहा दे ना, म्हणजे जुळायची शक्यता वाढेल.’ कागदावर ते बरोबर आहे. पण प्रत्येक जादा वेळेची एक किंमत असते. दहा वेळा दिल्या की वाचणाऱ्याला दहा ठिकाणी कॅलेंडर तपासावं लागतं आणि आपण पुन्हा त्याच गृहपाठावर येतो. शिवाय, त्याने सहा वेळांना ‘हो’ म्हटलं तर त्या सहाही वेळा तो तुमच्यासाठी अडवून बसतो. मध्येच दुसरं काम आलं की त्यातल्या दोन जातात आणि ते तो तुम्हाला कळवत नाही. म्हणजे यादी जितकी लांब आणि निर्णयाला उशीर जितका जास्त, तितकी उत्तरं शिळी होत जातात.

आणि एकच वेळ दिली तर? मग ते निमंत्रण होतं, निवड नाही. लग्नपत्रिकेत एकच मुहूर्त असतो, कारण तिथे कुणी आलं नाही तरी लग्न लागतं. आमच्याकडे आजोबा आले नाहीत तर कार्यक्रमच नव्हता.

इथे थोडं गणित. घाबरू नका, मीही आर्ट्सचीच. समजा, कुठल्याही एका वेळेला कुणीही एक माणूस मोकळा असण्याची शक्यता दहात सात आहे. मग अकराच्या अकरा जण त्या वेळेला मोकळे असण्याची शक्यता ०.७ ला ०.७ ने दहा वेळा गुणत गेल्यावर येते. उत्तर येतं शंभरात दोन. चार वेळा दिल्या तरी त्यातली किमान एक सगळ्यांना जमण्याची शक्यता शंभरात आठच्या आसपास जाते. म्हणजे ‘सगळ्यांना जमेल अशी तारीख’ शोधणं हा जवळजवळ हरलेला खेळ आहे, तुम्ही मेल कितीही छान लिहा.

आता प्रश्न बदला. अकरापैकी कोण नसेल तर कार्यक्रमच होणार नाही? आमच्याकडे असे तिघे होते. आजोबा, इंजिनिअर काका आणि फोटोग्राफीचे सर. तिघांसाठी तोच हिशोब केला तर एका वेळेला शंभरात चौतीस, आणि चार वेळा दिल्या तर किमान एक वेळ तिघांनाही जमण्याची शक्यता शंभरात एक्क्याऐंशी. आठ कुठे आणि एक्क्याऐंशी कुठे! शक्यता नुसती वेळांची संख्या वाढवल्याने फारशी वाढली नाही. ‘ज्यांच्याशिवाय नाही’ अशी माणसं कोण, हे ठरवल्याने वाढली.

या गणितात एक मेख आहे. प्रत्येकाचं मोकळं असणं एकमेकांवर अवलंबून नाही, असं त्यात धरलंय. प्रत्यक्षात लग्नाच्या दाट तिथीला अख्खा तालुका एकदम अडकतो. म्हणून चार वेळा एकसारख्या नकोत. चारही रविवार सकाळ दिल्या तर रविवारी ड्युटी असलेला माणूस चारही वेळा बाद. मी दोन शनिवार, एक रविवार सकाळ आणि एक रविवार दुपार दिली, ती त्यासाठी.

वेळा कुठून आणायच्या?

वेळा मी कॅलेंडरकडे बघून अंदाजपंचे टाकल्या नाहीत. पहिला फोन आजोबांना केला. ते म्हणाले, ‘सकाळी लवकर ने, नाहीतर ऊन कलल्यावर. मधे मला नको.’ म्हणजे सकाळी १० ते दुपारी ४ गेलंच. तसंही एप्रिलमध्ये त्या उघड्या पात्रात सावलीला झाड नाही. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया होती आणि १ मेला महाराष्ट्र दिन. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन, त्यामुळे मुख्याध्यापक आणि पदाधिकारी दोघेही अडकणार. ४ मेच्या रविवारी नीटची परीक्षा होती, शिक्षक मंडळींपैकी कुणाला ड्युटी लागू शकली असती. पुण्याहून येणाऱ्यांसाठी लोकलचं वेळापत्रक पाहिलं. दुपारच्या वेळी आमच्या मार्गावर लोकल किती विरळ असतात ते रोज जाणाऱ्यांना विचारा. हे सगळं वजा केल्यावर जे उरलं, त्यातल्या या चार वेळा.

दीड तास गेला माझा. पण तो माझा गेला, दहा जणांचा अर्धा-अर्धा तास वाचला. अशा मेलचं खरं काम पाठवण्याआधीच होतं, ते असं.

एक चूक मात्र इथेही केली. फोन फक्त आजोबांना केला, तिघांनाही करायला हवा होता. त्याची किंमत पुढे कळलीच.

सगळ्यांसमोर विचारू नये

‘व्हॉट्सअॅप ग्रुप करून पोल टाकायचा ना, एवढं काय?’ हा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. मित्रांच्या ट्रेकसाठी पोल ठीक आहे, लोहगडला शनिवारी जायचं की रविवारी एवढंच ठरवायचं असतं. पण जिथे सर, मॅडम, पदाधिकारी आणि गावातले ज्येष्ठ एकत्र असतात, तिथे उघड्या पोलमध्ये काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोठ्या माणसाने मत देईपर्यंत बाकीचे गप्प बसतात. त्याने दिलं की सगळे त्याच्याच पर्यायावर बोट ठेवतात, जमत असो वा नसो.

माझ्या मनाचे खेळ नाहीत हे. डूडल नावाची एक ऑनलाइन सोय आहे. वेळा टाकायच्या आणि ज्याला जी जमेल त्यावर त्याने खूण करायची. तिथल्या मतांचा अभ्यासकांनी बराच अभ्यास केलाय. २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की आधीची उत्तरं दिसत असतील तर लोक जास्त वेळांना ‘हो’ म्हणतात. आणि हे जादा ‘हो’ दोन टोकांना पडतात. जी वेळ आधीच लोकप्रिय आहे तिच्यावर, आणि जी कुणालाच नकोय तिच्यावर. पहिल्याचं कारण सरळ आहे. दुसऱ्याचं गमतीशीर आहे. जी वेळ निवडली जाणारच नाही, तिला ‘हो’ म्हणून सहकार्य करतोय असं दाखवणं फुकट असतं!

त्याआधी, २०१३ मध्ये, २११ देशांतल्या १५ लाख डूडल पोलचा अभ्यास झाला होता. जिथे व्यक्तीपेक्षा समूहाला महत्त्व देण्याची रीत आहे, अशा देशांतले लोक उत्तर लवकर देतात, कमी वेळांना ‘हो’ म्हणतात, पण एकमत जास्त साधतात, असं त्यात आढळलं. ‘आपल्याकडे लोक उत्तरच देत नाहीत’ असं आपण सहज बोलून जातो. नीट विचारलं तर समूहात राहणारी माणसं उत्तर देतात, असा मी त्याचा अर्थ लावते.

म्हणून मी मेल पाठवताना सगळे पत्ते बीसीसीमध्ये टाकले. कुणाचं उत्तर कुणाला दिसलं नाही. ‘रिप्लाय ऑल’ची रांग लागली नाही. आणि कुणाचा मेल आयडी दहा अनोळखी लोकांकडे गेला नाही, हा वेगळा फायदा.

आठ की नऊ?

मंगळवारी रात्रीपर्यंत पाच उत्तरं आली. बुधवारी संध्याकाळी सात झाली. गुरुवारी दुपारी उरलेल्या तिघांना मी दोन ओळींची आठवण पाठवली. तीत ‘आपलं उत्तर अजून आलं नाही’ असा सूर ठेवला नाही. फक्त ‘आज रात्री ८ ला यादी बंद करतेय, चार वेळा पुन्हा खाली देतेय’ एवढं लिहिलं. जुना मेल शोधायला लागू नये म्हणून वेळा पुन्हा दिल्या. आणखी दोघांचं उत्तर आलं. दहापैकी नऊ मेल आणि आजोबांचा फोन, अशी दहा उत्तरं तीन दिवसांत हातात होती. आधी दोन आठवड्यांत चार आली होती, आठवतंय ना?

आता निकाल. ‘अ’ सहा जणांना जमत होता. ‘क’ पाच जणांना, कारण परतीच्या लोकलची काळजी. ‘ब’ आठ जणांना. आणि ‘ड’ नऊ जणांना.

नऊ म्हणजे ‘ड’च, नाही का? पण ‘ड’ न जमणारा एकमेव माणूस म्हणजे इंजिनिअर काका. माझ्या न केलेल्या फोनची किंमत ती हीच. काकांना आधी विचारलं असतं तर ३ मे यादीत आलाच नसता. कुणी तो दिवस राखून ठेवला नसता आणि मग कुणाचा हिरमोडही झाला नसता.

मी ‘ब’ निवडला. म्हणजे इतिहासाच्या मॅडम आणि मुख्याध्यापक, दोघांनाही वगळावं लागलं. शुक्रवारी सकाळी अकराच्या आत सगळ्यांना एक मेल गेला : ‘रविवार, २७ एप्रिल, सकाळी ७ नक्की. अ, क आणि ड या वेळा तुमच्या मोकळ्या.’ या दोघांना मात्र वेगळा मेल लिहिला. तुम्हाला जमणार नाही हे माहीत असून ही वेळ निवडली, कारण अमुक दोघांशिवाय रेकॉर्डिंग शक्य नव्हतं, आणि रेकॉर्डिंग आधी तुम्हाला ऐकवू, असं सरळ सांगितलं. मॅडमचं उत्तर आलं, ‘कारण सांगितलंस हे बरं केलंस.’

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. चार वेळा मी ठरवल्या, ‘ज्यांच्याशिवाय नाही’ ती माणसंही मीच ठरवली. ही दादागिरी नाही का? थोडी आहे. वेळांची यादी बनवणाऱ्याच्या हातात सत्ता असतेच. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठेवली की मजुरीवर जाणारा माणूस आपोआप बाहेर. वर पुन्हा ‘आम्ही तर विचारलं होतं, त्यालाच जमलं नाही’ असं म्हणायला आपण मोकळे. म्हणून माझं मत असं, की यादीतली सगळ्यात पहिली वेळ, ज्याच्याकडे मेल नाही आणि ज्याचा रोज बुडतो, त्याला विचारून ठरवायची. ज्यांच्याकडे कॅलेंडर आहे ते जुळवून घेतील. ‘कधी जमेल?’ या मोकळ्या प्रश्नात मात्र ही सत्ता नाहीशी होत नाही, फक्त लपते. शेवटी जो सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात मोठ्या पदावरून उत्तर देतो, त्याच्या सोयीने तारीख ठरते.

२७ एप्रिलला सकाळी सातला आम्ही पात्रात होतो. आजोबा मंदिराकडे पाठ करून उभे राहिले आणि भेगाळलेल्या मातीकडे हात करत एकेक घर सांगत गेले. इथे अमक्याचं, तिथे विहीर, पलीकडे आमचा गोठा. धरण भरलं तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी आपला तयार करून आणलेला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आजोबांनाच प्रश्न विचारायला लागले. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे.

आणि मे महिना? त्या वर्षीचा पाऊस तुम्हाला आठवत असेलच. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाने झोडपलं आणि २६ मेला तर मान्सूनच पुण्यात पोचला. पहिल्या मेलच्या भरवशावर राहिले असते तर आजोबांना घेऊन त्या चिखलात उतरता आलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात देऊळ पुन्हा बाहेर येईल. पण शहात्तर वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या उन्हाळ्यात कधी जमेल?’ असं विचारायची माझी हिंमत झाली नसती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, माझ्या मोबाइलवर एक मेल आला. चोवीस मार्चच्या त्या पहिल्या नम्र मेलला, दहातल्या दहाव्या माणसाचं उत्तर होतं ते. ‘उशीर झाला, क्षमस्व. येता रविवार मला जमेल.’